श्रावण पाळणारा मिक्सॉलॉजिस्ट

स्वानंद सर लिंबाला लिंबू म्हणत नाहीत. ‘सिट्रस एलिमेंट’ म्हणतात. आमच्या बारला लिंबं पुरवणाऱ्या रखमाबाईंना त्यांनी एकदा फोनवर सांगितलेलं, “उद्या सिट्रस थोडं ज्यूसी साइडचं पाठवा.” रखमाबाईंनी दुसऱ्या दिवशी एक गोणी मोसंबी पाठवली. वर निरोप, की तुमच्या साहेबाला पाहिजे ते नीट मराठीत सांगायला लावा, आणि मोसंबी परत घेणार नाही.

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोच्या मागच्या रस्त्याला आमचा बार आहे. पूर्वी त्याचं नाव ‘हॉटेल कलश’ होतं. स्वानंद सर आले आणि ते ‘द कॉपर कलश’ झालं. तांबं कुठेच नाही. बोर्डावरचा तांबूस रंगसुद्धा पहिल्या पावसाळ्यानंतर विटकरी झाला. पण सर गिऱ्हाइकांना सांगतात की हे ‘व्हिज्युअल आयडेंटिटी’चं काम असतं, आणि गिऱ्हाईक बिचारं मान हलवून शेंगदाणे मागवतं.

सर डोंबिवली पूर्वेचे. वडील प्रभाकर काका सरकारी बँकेतून निवृत्त, आई चित्रा काकू. बी.कॉम. झाल्यावर सरांनी चार वर्षं विमा विकला, म्हणजे विकायचा प्रयत्न केला. मग अंधेरीला सहा आठवड्यांचा कोर्स केला आणि मिक्सॉलॉजिस्ट होऊन परत आले. त्या कोर्सचं सर्टिफिकेट आमच्या काउंटरमागे लावलंय. डावीकडे दारूचं लायसन, उजवीकडे मालकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, मधे सरांचा फोटो असलेलं सर्टिफिकेट. नवीन माणूस हमखास विचारतो, हे मधले कधी गेले?

बत्तीस वर्षांचा हा माणूस डोक्याला जेल लावतो, काळा एप्रन घालतो आणि त्या एप्रनच्या खिशात एक चिमटा ठेवतो. चिमट्याने तो पुदिन्याचं एक पान उचलतो, तळहातावर ठेवतो, फट्कन टाळी वाजवतो, हुंगतो, डोळे मिटतो. हे सगळं एका पानासाठी. धम्मपाल तेवढ्या वेळात चार ग्लास भरून टेबलावर पोचवतो.

धम्मपाल आमचा मुख्य बारमन. कल्याण पूर्वेचा. चौदा वर्षं काउंटरमागे उभा आहे. कोर्स नाही, चिमटा नाही. त्याच्याकडून मी हे काम शिकलो. मुरबाडहून आलेलो तेव्हा मला वाटायचं कॉकटेल म्हणजे दहा बाटल्यांतलं थोडं थोडं. पहिल्याच आठवड्यात धम्मपालने मला तीन वाट्या समोर ठेवून सांगितलं, “हे बघ कमलेश. दारू, लिंबू, पाक. दोन माप, एक माप, एक माप. साठ एमएल, तीस, तीस. पाक म्हणजे साखर आणि पाणी समसमान. बर्फ घालून दणकून हलव, गाळ, दे. बस. याला सावर म्हणतात. व्हिस्की टाकलीस तर व्हिस्की सावर, रम टाकलीस तर डायकिरी. जगातली निम्मी कॉकटेलं हीच आहेत, नुसते कपडे बदललेत.”

“आणि नवीन बनवायचं असेल तर?”

“तर तिघांतलं एक बदल. एकच. साखरेच्या जागी मध, नाहीतर गूळ. चाख. मग लिंबू बदल. चाख. तिन्ही एकदम बदललेस तर कोण बिघडला ते कळत नाही.”

आणि तो चाखायचा. स्ट्रॉ ग्लासात बुडवायची, वरच्या टोकावर बोट दाबायचं, स्ट्रॉतला तो थेंब जिभेवर सोडायचा, आणि मग बेसिनमध्ये थुंकायचं. दर ग्लासाला. कारण धम्मपाल दारू पीत नाही. चौदा वर्षांत एक पेग नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण, गेल्या वर्षी गटारीच्या आदल्या दुपारी विकीशेठ आले. विकीशेठ आमचे मालक. शीळफाट्याकडच्या गावातले, घरची जमीन गेली, बार आला. माणूस मोठ्याने बोलणारा पण सरळ. त्यांनी एक खुर्ची उलटी करून घेतली आणि स्वानंद सरांना समोर बसवलं.

“मी कल्यानला दुसरा काढतंय,” विकीशेठ म्हणाले. “खाली बार, वर लग्नाचा हॉल. तिकडं मना बारला हेड पायजे. तू रोज सांगतंस मी नवीन ड्रिंक डिझाइन करतो. मंग कर. सहा नवीन. श्रावण संपला की गनपतीच्या आत मी इथं बसून पिनार. जमला तं कल्यान तुजा.”

“आणि शेठ... इन केस...?”

“नाय जमला तं मना दुसरा मानूस बघाया लागंल. तिकडं पन आन इकडं पन.”

सर हसले. एवढं गोड हसले की मला त्यांची कीव येता येता राहिली. पगार, हुद्दा, डोंबिवलीतली इभ्रत, सगळं त्या सहा ग्लासांत आलेलं होतं, आणि हा माणूस हसत होता. कारण सहा ग्लास म्हणजे त्यांच्या मते सहा नावं. नावं त्यांनी त्याच संध्याकाळी काढली. ‘मासुंदा मिस्ट’. ‘फडके रोड फिज’. ‘उल्हास ब्रीज’. ‘दुर्गाडी ड्यू’. मी म्हटलं, सर, दुर्गाडीवर देवीचं देऊळ आहे, दारूला नाव चालेल का? सर म्हणाले, “कमलेश, तू ना लिटरल आहेस.”

दुसऱ्या दिवशी गटारी. त्या दिवशी ठाण्यातला यच्चयावत पुरुष महिनाभराची भरपाई करायला बाहेर पडतो. रात्री हिशेबाआधी सरांनी स्वतःची भरपाई केली आणि दोन खुर्च्या जोडून झोपले. सकाळी उठून आंघोळ केली, कपाळाला गंध लावलं आणि जाहीर केलं की आता महिनाभर थेंब नाही.

आता इथे मला काही म्हणायचं नाही. श्रावणात आमचा बार ओसच असतो. विकीशेठ पाळतात, वेटर पाळतात, गिऱ्हाईक तर पाळतंच. चिकन लॉलीपॉपची कढई उलटी ठेवलेली असते. सरांनी पाळला तर कोणाचं काय गेलं? पण सहा नवीन ड्रिंक बनवायची त्याच महिन्यात होती.

पहिल्या सोमवारी दुपारी धम्मपालने विचारलंच. “सर, चाखायचं कसं करणार? मी असतोच दुपारी. तुम्ही बनवा, मी स्ट्रॉने बघतो, सांगतो.”

“नको. रेसिपी माझी आयपी आहे. लॉन्चच्या आधी मी कोणाला दाखवणार नाही.” मग सर जरा थांबले आणि मोठ्या मनाने म्हणाले, “तसं तुमच्यात काय, श्रावणात पण चालतं ना सगळं.”

धम्मपाल ग्लास पुसत होता. पुसायचा थांबला नाही. “आमच्यात पाचवं शील आहे, सर. दारूपासून लांब राहायचं. तुमच्यात एक महिना, आमच्यात बारा. आमची आई मंजुळाबाई रोज संध्याकाळी वंदनेत म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडे बघते.”

“मग इथे कसा काम करतोस?”

“थुंकून,” धम्मपाल म्हणाला.

सर त्यावर ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले. ज्या गोष्टीचं उत्तर त्यांच्याकडे नसतं ती इंटरेस्टिंग असते.

मग सरांचं संशोधन सुरू झालं. कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप, वजनकाटा, मापं, आणि बाटल्या. मी लांबून बघायचो. बाटल्यांत दारू नव्हती. पाण्याच्या बाटल्या होत्या. सर साठ एमएल पाणी मोजायचे, त्यात लिंबू, त्यात पाक, चमच्याने ढवळायचं आणि घोट घ्यायचा. जिन म्हणून पाणी. रम म्हणून पाणी. व्हिस्की म्हणूनही पाणीच. पण व्हिस्कीच्या वेळी घोट जरा जास्त वेळ तोंडात ठेवायचे.

मी न राहवून जवळ गेलो. “सर, हे तर सरबत झालं.”

“हा न्यूट्रल बेस आहे. बॅलन्स म्हणजे बॅलन्स, कमलेश. आंबट आणि गोड एकमेकांना कॅन्सल करतात. स्पिरिट हा फक्त एक कॅनव्हास आहे.”

बेचाळीस पॉइंट आठ टक्के अल्कोहोलचा कॅनव्हास. मी गप्प बसलो, कारण मला तो महिना सुखात काढायचा होता. पण जाता जाता लॅपटॉपवर नजर गेली. सहाच्या सहा ओळींत एकच गणित होतं. साठ, पंधरा, पंधरा.

अर्थात. पाण्यात तीस एमएल लिंबू घातलंत तर दात आंबतात. तीस पाक घातलात तर घसा धरतो. सरबताला तेवढं लागत नाहीच. म्हणून सरांनी दोन्ही कमी केलं, आणखी कमी केलं, आणि प्यायला छान लागेल तिथे थांबले. दोन-एक-एकचं चार-एक-एक झालं. जो आंबटगोडपणा दारूच्या अंगावर धावून जायचा, तो सरांनी पाण्याच्या मापाने शिवला.

मी हे संध्याकाळी धम्मपालला सांगितलं. तो म्हणाला, “मी विचारलेलं. नको म्हणाले. आता तू पण सांगून झालास.”

“मग?”

“मग काय. लिंबं काप.”

तिसऱ्या शुक्रवारी सरांनी मला डोंबिवलीला नेलं. मेनूकार्डं छापून झालेली, ती तिथल्या प्रेसमधून उचलायची होती. हो, कार्डं छापूनही झालेली. दोनशे. जाड, खरबरीत, कोपऱ्यात सोनेरी कलश. आतमध्ये ‘अ ब्रीझी डायलॉग बिट्वीन रम अँड मोसंबी’ असली वाक्यं. रखमाबाईंची ती गोणी सरांनी शेवटी कामाला लावलेली होती. म्हणजे लिंबाच्या जागी त्यांनी चक्क मोसंबीचा रस धरलेला. मोसंबी! तापातून उठलेल्या माणसाला देतात ती. आजाऱ्याला सोसते म्हणजे तिच्यात आंबट किती असेल याचा विचार करायला कोर्स लागत नाही.

सरांच्या घरी जेवायला थांबलो. श्रावणातला शुक्रवार, पुरणाचा स्वयंपाक. चित्रा काकूंनी नैवेद्याचं ताट वाढलं, देवापुढे ठेवलं, पाणी फिरवलं, आणि मग आम्हाला वाढलं. पहिला घास घेतला आणि खरं सांगतो, कटाच्या आमटीत मीठ, चिंच, गूळ सगळं जिथल्या तिथे होतं.

“काकू, आमटी एकदम भारी झालीय,” मी म्हटलं.

“हो का? बरं झालं सांगितलंस. मी अजून चाखलेली नाही.”

सर लगेच पुढे वाकले. डोळ्यांत चमक. “हेच! हेच मी तुला महिनाभर सांगतोय, कमलेश. आई नैवेद्याचं कधी चाखत नाही. पस्तीस वर्षं. एकदाही चुकलेलं नाही. टेस्टिंग हे बिगिनर्ससाठी असतं. मास्टरला प्रपोर्शन कळतं.”

तेव्हा मला कळलं की हा माणूस काय करून बसलाय. हा आळस नव्हता. हे आईवरचं प्रेम होतं, आणि त्याहून मूर्खपणाचं दुसरं काय असू शकतं मला माहीत नाही.

“काय कळतं?” काकूंनी विचारलं.

“अगं, मी पण तुझ्यासारखंच करतोय. सहा नवीन ड्रिंक्स. एकही न चाखता.”

काकू वाढता वाढता थांबल्या. घरात ‘ड्रिंक्स’ शब्दावर प्रभाकर काकांनी पेपर थोडा वर उचलला. शेजाऱ्यांना त्यांनी मुलगा ‘हॉटेल लाइन’मध्ये आहे असं सांगितलेलं आहे.

“अरे, पण मी नवीन काही करत नाही रे,” काकू म्हणाल्या. “तीच डाळ, तोच गूळ, तेच पातेलं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी वर्षभर माझी आमटी नैवेद्याला जाऊच दिली नाही. आधी रोजच्याला कर म्हणाल्या, रोज चाख, हात बसू दे. परवा शेजारच्या नीरजाच्या सांगण्यावरून ते कसलं सूप केलं, ते मी दहा वेळा चाखलं आणि तरी बिघडलं.”

“तुझा वेगळा कॉन्टेक्स्ट आहे गं.”

“असेल बाबा,” काकू म्हणाल्या आणि मला आणखी एक पोळी वाढली.

परत येताना दोनशे कार्डांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. सर खिडकीतून बाहेर बघत होते आणि गुणगुणत होते. मी एकदा तोंड उघडलं. म्हटलं, सर, एक ग्लास तरी धम्मपालला खरी जिन घालून बघू द्या, कल्याणचा प्रश्न आहे. ते म्हणाले, “आई जे म्हणाली ते तुला कळलं नाही.” मी म्हटलं, मला कळलं. त्यांनी गुणगुणणं पुन्हा सुरू केलं.

श्रावण संपला. श्रावण संपतो आणि गणपती बसतात, यांच्या मधे तीन दिवसांची फट असते. आमच्याकडे या फटीत बरीच कामं उरकली जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता विकीशेठ आले. पांढरा शर्ट, महिन्याभराची तहान, आणि बरोबर कोणी नाही. एकटेच पिणार होते, म्हणजे निकाल लगेच लागणार होता.

सरांनी कागद काउंटरवर ठेवला. धम्मपालने तो पहिल्यांदा पाहिला. त्याच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

“सर. चार-एक-एक?”

“सटल ठेवलंय.”

“एक बनवून आधी आपण बघू या का? दोन मिनिटं लागतील.”

“धम्मपाल, शेठ बसलेत.”

धम्मपालने मान हलवली आणि शेकर उचलला. कागदावर होतं तसं, थेंबाचा फरक न करता. जिन साठ, लिंबू पंधरा, खस सिरप पंधरा. बर्फ. हलवलं, गाळलं. सरांनी चिमटा काढला, पुदिन्याचं पान, टाळी, हुंगणं, डोळे मिटणं. ‘मासुंदा मिस्ट’. रंग खरंच सुंदर होता, मासुंदा तळ्याच्या पाण्यासारखा हिरवा.

विकीशेठनी मोठा घोट घेतला. गिळला. ग्लासाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

“यो काय रं?”

“जिन, सिट्रस एलिमेंट आणि खस, शेठ.”

“लिंबू कदी घातला? नुसता दाखवून काढला काय?” त्यांनी पुन्हा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. “यो पेग हाय. जिनचा पेग, हिरवा केलेला. ह्यो तं मी पानी घालून पन पितो.”

“शेठ, पॅलेट सेट व्हायला वेळ...”

“दुसरा आन.”

दुसरा व्हिस्कीचा. तोही तसाच, घशात व्हिस्कीची जळजळ आणि मागून लांबून कुठूनतरी मधाची हाक. तिसरा ‘उल्हास ब्रीज’, तो रम आणि मोसंबीचा संवाद, काकवी घातलेला. यात आंबट नावालाही नव्हतं. मोसंबी मुळात गोड, काकवी गोड, रम गरम. विकीशेठनी तो घोट तोंडातच धरला आणि डोळ्यांनी बेसिन शोधलं.

“माजी आजी सर्दीला असा काडा देयाची,” ते बेसिनवरून परत येऊन कार्ड उचलत म्हणाले. “पन ती त्याचा नाव ‘ब्रीज’ नाय ठेवायची. आन यो चवथा काय? ‘दुर्गाडी’? देवीचा नाव दारूला? छापला पन?”

“दोनशे कार्डं, शेठ,” मी म्हणालो. राहवलं नाही.

सरांच्या कपाळावर आता घाम होता. जेल विरघळून एक बट खाली आलेली. मला वाटलं होतं या क्षणी मजा येईल. थोडी आलीही.

“स्वानंद,” विकीशेठ शांतपणे म्हणाले, आणि ते शांतपणे बोलले की वेटर भिंतीकडे सरकतात. “तू यो चाखला कवा?”

“शेठ, श्रावण होता ना.”

“मंग?”

“मी पाण्यावर टेस्ट केलं. बॅलन्स परफेक्ट होता. तुम्ही विश्वास ठेवा, पाण्यावर सहाच्या सहा...”

“पान्यावर.”

“हो.”

विकीशेठनी खुर्चीत पाठ टेकली. मग म्हणाले, “करून दाखव. पान्यावर.”

सरांनी स्वतः केलं. माप चुकलं नाही, एवढं मान्य केलं पाहिजे. साठ पाणी, पंधरा लिंबू, पंधरा खस, चमच्याने ढवळून वर दोन खडे बर्फ. विकीशेठनी घोट घेतला, आणि मग दुसरा, आणि ग्लास रिकामा केला. मला आणि धम्मपालला एकेक द्यायला लावला. मी प्यायलो. काय सांगू, सरबत अप्रतिम होतं. आंबट कुठे संपतं आणि गोड कुठे सुरू होतं कळत नव्हतं. महिनाभर एक माणूस रोज दुपारी मन लावून सरबत बनवत होता, तर ते चांगलं होणारच.

“धम्मपाल,” विकीशेठ म्हणाले, “तो पयला हिरवा दुरुस्त व्हईल?”

धम्मपालने नवीन ग्लास घेतला. जिन साठच. लिंबू तीस केलं. खस मात्र वीसच घेतला, म्हणाला, “हे बाटलीतलं सिरप आपल्या पाकापेक्षा घट्ट आहे शेठ, गोड जास्त आहे, तीस घातलं तर चिकट होईल.” हलवलं. स्ट्रॉ बुडवली, बोट दाबलं, थेंब जिभेवर. थुंकला. क्षणभर विचार केला आणि चिमूटभर मीठ टाकून पुन्हा हलवलं. पुन्हा थेंब, पुन्हा बेसिन. मग पुढे केला.

विकीशेठनी घोट घेतला. दुसरा घेतला. “आन त्या मोसंबीचा?”

“मोसंबी वासाला ठेवू. आंबटाला लिंबूच लागणार. लिंबू वीस, मोसंबी वीस, आणि काकवी पंधराच, कारण मोसंबी स्वतः गोड आहे. चाखून बघतो, पाच इकडे तिकडे होईल.”

हे सांगताना त्याने एकदाही स्वानंद सरांकडे पाहिलं नाही. सर मात्र त्याच्याकडे बघत होते, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला त्या माणसाचं खरं काहीतरी दिसलं. ते घाबरलेले होते. डोंबिवलीत परत जाऊन पेपरमागच्या प्रभाकर काकांना काय सांगायचं, याचा विचार त्यांच्या डोळ्यांत सरळ वाचता येत होता. हे दोन मिनिटं टिकलं.

कारण विकीशेठनी निकाल दिला. कल्याणचा बार धम्मपालचा. खोपट मी आणि एक नवीन माणूस बघणार. आणि स्वानंद?

“कल्यानला वरती हॉल हाय,” विकीशेठ म्हणाले. “लग्नात आल्यावर पावन्याला काय देतंस? वेलकम ड्रिंक. तिथं दारू चालत नाय. तुजा पान्यावर चांगला लागतंय ना? मंग पानीच घाल. वरचा तू बघ.”

कोणीही शहाणा माणूस यावर राजीनामा तरी देतो नाहीतर शरमेने धम्मपालला जाऊन काही विचारतो. सरांनी एप्रन नीट केला, बट मागे घेतली आणि म्हणाले, “झीरो-प्रूफ प्रोग्रॅम. शेठ, मी स्वतः हेच सजेस्ट करणार होतो.”

विकीशेठनी माझ्याकडे बघितलं. मी बर्फाकडे बघितलं.

मार्गशीर्षात कल्याणच्या हॉलवर गेलेलो, खाली धम्मपालला बाटल्या द्यायच्या होत्या. खालचा बार भरलेला. धम्मपालने नवीन सहा लावलेली, नावं साधी: खसची जिन, मोसंबीची रम. मी वर डोकावलो तर कुठल्याशा लग्नात सर प्रवेशद्वाराशी उभे. काळा एप्रन, चिमटा, समोर सरबताचे ग्लास ओळीने. पाहुणे ग्लास उचलून पुढे जात होते, आणि जो थांबेल त्याला सर समजावत होते. एक फेटेवाले मामा थांबले होते, बिचारे.

“बार काय, कोणीही चालवतं,” सर त्यांना सांगत होते. “स्पिरिटच्या मागे लपता येतं. इथे लपायला जागा नाही. पाण्यात बॅलन्स साधणं हीच खरी मिक्सॉलॉजी.”

“भारी आहे,” मामा म्हणाले. “यात थोडी टाकली तर?”

सर हसले. तेच हसू, गोड. “टाकून बघा. रेशो युनिव्हर्सल आहे.”

मामांनी मुंडीने खालच्या मजल्याकडे खूण केली, दोन ग्लास उचलले आणि जिन्याने उतरू लागले. मी त्यांना मागे टाकून धावलो, धम्मपालला आधी सांगायला की वरून ग्लास येतायत, लिंबू आणि पाक हाताशी ठेव.